भाचीच्या रिपोर्टात दोन गर्भपिशव्या आणि उजवी किडनी नाही असं आलंय, मदत हवी आहे

माटोळी: फोंड्याहून लिहितेय. बहिणीची मुलगी साडेतेरा वर्षांची, पाळी सुरू होऊन वर्ष झालं, दर महिन्याला चार-पाच दिवस अगदी वेळेवर. पण गेले पाचेक महिने उजवीकडे ओटीपोटात दुखतं, आणि दर पाळीला आधीपेक्षा जास्त. आता तर पाळी संपली तरी आठवडाभर दुखत राहतं. आधी सगळे म्हणाले पाळीत दुखतंच, गोळी द्या, मग अपेंडिक्सची शंका, चवथीच्या आदल्या दिवशी तर लोळायला लागली म्हणून सोनोग्राफी केली. त्यात दोन गर्भपिशव्या, उजव्या बाजूला खाली रक्त साठलंय, आणि उजवी किडनी दिसत नाही. आता एमआरआय सांगितलाय. मला कळत नाही ते हे की पाळी नीट येतेय तर रक्त साठलं कसं? आणि किडनीचा काय संबंध? ताई नुसती रडतेय.

शेवंती: घाबरू नका हो, मलाही डबलच आहे! मला कळलं सिझरच्या वेळी, बाळ पायाळू होतं आणि तीन आठवडे आधी आलं, डॉक्टर म्हणाले पिशवी वरून बदामासारखी आहे. लेक आता दहावीला आहे. मला कधीच दुखलं नाही, मग हिला का दुखतंय?

मांडवीकाठ: पिशवीत मधे पडदा असतो तो दुर्बिणीतून कापतात, एका दिवसात घरी. माझ्या वहिनीचे दोन गर्भपात झाले होते, पडदा काढल्यावर मूल राहिलं. तेच करा, एमआरआयला कशाला पैसे घालवता.

जुनासोनोवाला: मांडवीकाठ, वहिनींची केस खरी, पण ती वेगळी. तीस वर्षं सोनोग्राफी केली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास मुलीला डावी-उजवी अशा दोन नळ्या तयार होतात. वरचे भाग सुटेच राहतात, त्या बीजनलिका. खालचे भाग आठव्या आठवड्याच्या आसपास मधोमध येऊन चिकटतात, त्यांची एक पिशवी होते. चिकटल्यावर मधली भिंत राहते ती पुढे विरघळते. वहिनींच्या नळ्या चिकटल्या होत्या, फक्त भिंत विरघळली नाही, बाहेरून पिशवी एकच, म्हणून भिंत कापता आली. शेवंतीताईंच्या वरून अर्धवट चिकटल्या. या मुलीच्या बहुतेक चिकटल्याच नाहीत, दोन पिशव्या, दोन तोंडं. यांच्यामधे कापण्यासारखं काही नसतं. बाहेरचा आकार बघितल्याशिवाय हे ठरत नाही, म्हणून एमआरआय.

आता किडनी. या नळ्या एकट्या वाढत नाहीत, शेजारी आधीच एक नळी असते तिचा हात धरून खाली उतरतात. त्याच शेजारणीला कोंब फुटतो आणि त्यातून किडनीची सुरुवात होते. उजवी शेजारीण बिघडली की उजवी किडनी होत नाही आणि उजवी गर्भनळीही भरकटते, डावीला भेटत नाही, खाली तिचं तोंड बंद राहतं. अंडाशय वेगळ्या ठिकाणाहून येतात, ते बहुतेक ठीक असतात.

माटोळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. डावी पिशवी उघडी आहे, तिची पाळी बाहेर येते. उजवीचंही रक्त त्याच वेळी येतं पण योनीमार्गात उजवीकडे पडदा आहे, त्यामागे साठतं. पाळी दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही, पाळी न येणारी मुलगी लवकर सापडते. महिन्यागणिक वाढणारं दुखणं आणि एकच किडनी, हे दोन एकत्र आले की हेच आधी बघायचं.

माटोळी: म्हणजे एक पिशवी काढायची का?

जुनासोनोवाला: साधारणपणे नाही, जोडतही नाहीत. योनीतला तो पडदा काढतात, आणि मोठा काढायला लागतो. नुसतं भोक पाडलं किंवा सुईने रक्त ओढलं तर तोंड परत बंद होतं, वर पू होण्याची भीती. फार उशीर करू नका, रक्त उलटं नळीतून पोटात जातं आणि एंडोमेट्रिओसिस होऊ शकतो. ताप आला तर थांबूच नका, त्याच दिवशी दाखवा. पुढे मूल राहू शकतं, दिवस आधी भरणं आणि पायाळू बाळ यांची शक्यता मात्र जास्त. किडनी एकच म्हणून लघवी आणि बीपी अधूनमधून तपासत राहायचं.

मांडवीकाठ: बरं, माझं चुकलं. पण हे आईकडून आलं असेल का? धाकटीचीही करायची का सोनोग्राफी?

जुनासोनोवाला: बहुतेक वेळा घरात दुसरं कुणी नसतं. धाकटीचं डॉक्टरांनाच विचारा, इथून सांगणं बरोबर नाही.

माटोळी: एमआरआय सोमवारी मडगावला आहे. आजी म्हणते पडदा काढला तर लग्नाच्या वेळी काय सांगायचं, ताई त्यावरच अडलीय. कुणाच्या मुलीचं हे ऑपरेशन झालंय का? घरात कसं समजावलंत?

शेवंती: मला व्यनि करा, माझ्या सासूबाई अशाच होत्या.