ऑफिसच्या स्लॅकवर स्वतःचे इमोजी

प्राजक्ता: मुक्ताताई, आमच्या ऑफिसच्या स्लॅकवर स्वतःचे इमोजी टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लोगो टाकून बघितला, नुसता ठिपका दिसतोय 😩

मुक्ताताई: लोगो आडवा आहे ना, नावासकट?

प्राजक्ता: हो

मुक्ताताई: मग काय होणार! इमोजीची जागा चौकोनी आणि मेसेजमध्ये तो दिसतो जेमतेम २०-२२ पिक्सेलचा. त्यात अक्षरं कुठून वाचता येतील? नुसतं चिन्ह कापून घे. १२८ बाय १२८ पिक्सेल कर, फाइल १२८ केबीच्या आत ठेव.

रोहन: आणि पीएनजीच कर गं. जेपीजीत पारदर्शकपणा टिकत नाही, डार्क मोडमध्ये मागे पांढरा डबा दिसतो.

मुक्ताताई: बरोबर. पण पारदर्शक चित्रात काळ्या रेघा असतील तर डार्क मोडमध्ये त्याच गायब होतात. कडेनं बारीक पांढरी रेघ दे.

प्राजक्ता: टाकते. बाकी कुठले करू? सगळे म्हणतायत साहेबांच्या चेहऱ्याचा कर

सुधाकाका: साहेबांना विचारा आधी 😄

मुक्ताताई: गमतीचा एखादा असू दे. पण 👀 आणि ✅ तयार आहेत, ते परत करू नकोस. ज्याला तयार इमोजी नाही असंच कर. म्हणजे "ग्राहकाच्या उत्तराची वाट बघतोय". केशरी गोलात जाड घड्याळ काढ, आणि नाव दे `st-client`.

प्राजक्ता: st कशाला?

मुक्ताताई: कामाच्या सगळ्यांना तेच लाव. मग `:st-` टाइप केलं की ते एकत्र समोर येतात. नाव लहान लिपीत, मध्ये स्पेस नको. आणि खरी गंमत सर्चमध्ये आहे. हे टाक:

```
has::st-client:
```

ज्या मेसेजवर ती रिॲक्शन आहे ते सगळे निघतात. ग्राहकाचं उत्तर आलं की रिॲक्शन काढायची, म्हणजे यादीत फक्त अडकलेलीच कामं उरतात.

रोहन: फक्त ज्यानं लावली त्यालाच ती काढता येते हं. तो रजेवर गेला की यादीत जुनं काम तसंच लोंबकळतं.

मुक्ताताई: म्हणून ते काम ज्याच्याकडे आहे त्यानंच लावायची, असं ठरवून टाका.

प्राजक्ता: नाव नंतर बदलता येतं?

मुक्ताताई: काढून नव्यानं टाकावं लागतं. आणि काढलंस की जुन्या मेसेजमध्ये चित्राऐवजी नुसतं `:st-client:` उरतं. लोकांना दुसरं नाव सोपं वाटत असेल तर इमोजी तसाच ठेवून त्याला एलियास जोड.

प्राजक्ता: मग आधी हा एकच टाकते. घड्याळ काढायला बसले

सुधाकाका: काटे जाड काढ गं, आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना दिसले पाहिजेत