मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, यात भाषेचा काय दोष?

पाटीपेन्सिल: मीटिंगमध्ये बोलता येत नाही म्हणून रडणारे मराठी लोक बघून कंटाळा आला. इंग्रजी-हिंदी सुधारा, विषय संपला.

तिरकसतारा: संपला म्हणे! इंग्रजी येतं मला, ईमेल झकास लिहिते. अडतं ते वेगात. मुद्दा मराठीत सुचतो, तो जुळवेपर्यंत दुसरा कुणी बोलून मोकळा. आता आदल्या संध्याकाळी अजेंडा बघून माझे दोन मुद्दे चार ओळींत सगळ्यांना पाठवते. मीटिंगमध्ये "कालच्या मेलमधला दुसरा मुद्दा" एवढं म्हटलं की लोक तो उघडून वाचतात. कुणी आडवा प्रश्न टाकला की मात्र पुन्हा त त प प.

पाटीपेन्सिल: म्हणजे सुधारणाच केलीत ना? मग भांडताय कशाला?

तिरकसतारा: भाषा तीच आहे हो, फक्त वेळ मिळवला. कळत नसेल तर राहू द्या.

गोदामवाला: इंग्रजीचं सोडा, हिंदीचे आकडे बघा! फोनवरच्या मीटिंगमध्ये सप्लायर म्हणाला, "उनासी पेटी." मी लिहिलं ८९. आपल्याकडे एकोणऐंशी, एकोणनव्वद एकाच साच्यातले. हिंदीत ७९ म्हणजे उनासी आणि ८९ म्हणजे नवासी, फोनवर फरक ऐकू येईल तर शपथ. दहा पेट्यांची जागा दिवसभर अडवून ठेवली, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. आता "सात-नौ ना?" असं सुटं सुटं वदवून घेतो.

खडूसकारकून: आणि ते "कल"! शेवटचं क्रियापद खोकल्यात गेलं की काल का उद्या, देवाला ठाऊक. मी सरळ तारीख विचारतो.

गोदामवाला: आपलं "परवा" तरी कुठे शहाणं आहे?

कणखर: आकडे कसले मोजताय? महाराष्ट्रात कायद्यानेच मराठी सक्तीची आहे. मीटिंग मराठीत घ्या म्हणून ठणकावून सांगा!

खडूसकारकून: १९६४ चा राजभाषा कायदा सरकारी कामकाजाचा. खासगी कंपनीच्या मीटिंगला तो लागत नाही. दुकानाच्या पाट्यांचा नियम वेगळा.

कणखर: बरं, तुम्ही वकील. पण खोलीत पाचही जण मराठी असताना हिंदी झाडतात, त्याचं काय?

तिरकसतारा: ते मात्र खरं, आमच्याकडेही होतं. पण एकदा सहावा रजेवर होता म्हणून आम्ही मराठीत सगळं ठरवलं, टिपणंही मराठीतच. त्याच्या वाट्याचं काम आठवडाभर पडून राहिलं, त्याला पत्ताच नाही. तेव्हापासून बोलणं मराठीत, टिपण इंग्रजीत.

कणखर: म्हणजे पुन्हा झुकायचं आपणच.

पाटीपेन्सिल: आदल्या दिवशी मेल करायचं मान्य, व्हा खूश. पण शंभरपर्यंत हिंदी आकडे पाठ करायला काय धाड भरते?

गोदामवाला: उनहत्तर म्हणजे किती? पटकन.

पाटीपेन्सिल: ६९.

गोदामवाला: चार मिनिटांनी उत्तर आलं. मीटिंग पुढे गेली, साहेब.