मदत हवी आहे: कॅल्शियम स्कोअर ८४, वय ४६. आकडा बघायचा की पर्सेंटाइल?

भावाचा कोरोनरी कॅल्शियम सीटी झाला. एकूण अगाटस्टन स्कोअर ८४, सगळा एलएडीमध्ये. बाकीच्या धमन्यांत शून्य. रिपोर्टवर "१ ते ९९ : सौम्य" एवढाच शेरा आहे.

वय ४६, छातीत दुखणं नाही, मधुमेह नाही, सिगारेट नाही, बीपी नॉर्मल. एलडीएल १२८. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. सध्या कुठलंही औषध चालू नाही. ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली, पण ती रक्तपुरवठा कमी पडतोय का तेवढंच सांगते, हे माहीत आहे. हा सीटी डाय न देता केलेला, त्यामुळे ब्लॉकेज किती टक्के हे त्यातून कळणार नाही, मऊ प्लाकही दिसत नाही, हेही ठाऊक आहे.

अडलंय ते पुढे. अमेरिकेतल्या 'मेसा' अभ्यासाच्या कॅल्क्युलेटरमध्ये वय आणि स्कोअर टाकला तर तो ७५व्या पर्सेंटाइलच्या बराच वर जातो. सत्तरीच्या माणसात ८४ म्हणजे फारसं काही नाही, पण ४६ला? शिवाय त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी एवढेच पर्याय आहेत, भारतीय नाहीच. मी 'गोरे' निवडलं.

पुढच्या आठवड्यात कार्डिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे, त्यामुळे औषध सुचवू नका. इथल्या डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट मंडळींना एवढंच विचारायचंय: स्टॅटिनचा निर्णय घेताना तुम्ही "सौम्य" हा गट धरता की पर्सेंटाइल, आणि भारतीय पेशंटसाठी तो पर्सेंटाइल कशाशी ताडून बघता?