मदत हवी आहे: दिवस क्रमांक, तारीख आणि पावसाची वही यांचा मेळ कसा घालू?

नमस्कार मंडळी. शेतावरच्या हवामान यंत्राच्या फाइलमध्ये तारीख नसते. फक्त वर्ष, १ जानेवारीपासूनचा दिवस क्रमांक आणि तास असतो. मी १ जून म्हणजे १५२ असा तक्ता भिंतीवर लावून तारखा काढायचो.

२०२४ चा १६७ वा दिवस, संध्याकाळी ४२ मिमी पाऊस. तक्त्याने १६ जून आला. वडिलांच्या वहीतही १६ जूनच, म्हणून निर्धास्त होतो. पण २०२४ लीप वर्ष, २९ फेब्रुवारी धरला तर १६७ म्हणजे १५ जून! आता A मध्ये वर्ष, B मध्ये क्रमांक ठेवून हे वापरतोय, उलट करायला दुसरी ओळ (C मध्ये तारीख):

```
=DATE(A2,1,B2)
=C2-DATE(YEAR(C2),1,0)
```

उत्तर आकड्यात दिसलं तर सेलचा फॉरमॅट बदलावा लागतो, एवढंच.

मग वहीत १६ का? वडील सकाळी साडेआठला पर्जन्यमापक मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्याच दिवशी लिहितात. यंत्राचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. म्हणजे दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

वडिलांची वही मला बदलायची नाही. यंत्राच्या तासावार नोंदी साडेआठ ते साडेआठ अशा जोडून वहीच्या तारखेखाली बेरीज कशी आणावी? साडेआठचा अर्धा तास कुठल्या दिवसात धरता? कुणी असं केलं असेल तर सूत्रासकट सांगा.