मदत हवी आहे: फ्रंटलोड मशीन पॉज केलं तर दार कधी उघडतं, कधी नाही, असं का?

रेवा_सातपुडा
फ्रंटलोड मशीन आहे, ७ किलोचं. पॉज केल्यावर राहिलेला कपडा टाकता येतो असं माहितीपत्रकात लिहिलंय, पण मशीनचं वागणं मला कळत नाहीये. तीन प्रसंग लिहिते.

पहिला: मिक्स, ४० अंश. आठ मिनिटं झाली होती. पॉज दाबलं, मिनिटभरात टक् असा आवाज आला आणि दार उघडलं. शाळेचा पांढरा शर्ट टाकला, पुढे सगळं ठीक.

दुसरा: डेलिकेट, ३० अंश. तीनच मिनिटं झाली होती. पॉज केलं, पण कुलपाचं चिन्ह गेलंच नाही. दहा मिनिटं थांबले.

तिसरा: पुन्हा डेलिकेटच, आणि मध्येच वीज गेली. साधारण तीन मिनिटांनी दार सहज उघडलं आणि पाणी थेट फरशीवर आलं, बादलीभर नसेल पण पोछा दोनदा पिळावा लागला.

आठव्या मिनिटाला चालतं आणि तिसऱ्याला नाही, हे उलटं नाही का? आणि पाणी असताना दार उघडलं म्हणजे लॉक बिघडलंय का?

कपडेवाळत
यात कसली अडचण? मशीन थांबवायचं, झाकण वर करायचं, कपडा टाकायचा, झाकण बंद. आमच्याकडे भरलेल्या पाण्यातही टाकतो, फक्त स्पिन चालू असताना नाही.

रेवा_सातपुडा
तुमचं टॉपलोड आहे ना? माझं दार समोर आहे, काचेचं गोल.

कपडेवाळत
हो, टॉपलोड. समोरचं दार नजरेतून सुटलं माझ्या.

नळजोड
सोपा उपाय आहे. पॉजने उघडत नसेल तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लॉक सुटतंच. तुमच्या तिसऱ्या प्रसंगात तेच झालंय, म्हणजे लॉक चांगलं आहे.

दुरुस्ती_टेबल
नळजोड, लॉक चांगलं आहे हे तुमचं म्हणणं बरोबर. उपाय मात्र कृपया कुणी करू नका. रेवाताईंच्या फरशीवर पाणी त्याच मार्गाने आलं.

पुष्कळ मशीनच्या दाराच्या लॉकमध्ये एक छोटा तापणारा तुकडा असतो. वीज मिळत असेतो तो तापलेला राहतो आणि शेजारची धातूची पट्टी वाकवून खिट्टी अडकवून ठेवतो. वीज बंद झाली की तो निवतो, पट्टी सरळ होते, खिट्टी सुटते. त्याला मिनिट-दोन मिनिटं, कधी तीन लागतात. ड्रम फिरायचा थांबण्याआधी दार उघडू नये यासाठी ही उशीर ठेवलेली आहे. टबमध्ये पाणी किती आहे याची त्या पट्टीला काहीच माहिती नसते.

पाण्याचा हिशोब ठेवतो तो मशीनचा बोर्ड. तुम्ही पॉज दाबता तेव्हा बोर्ड पाण्याची पातळी, तापमान आणि प्रोग्रामचा टप्पा पाहतो. तिन्ही ठीक असतील तरच तो लॉकची वीज तोडतो. प्लग काढला की विचारणाराच बंद होतो आणि लॉक आपोआप सुटतं. काही नव्या मशीनमध्ये झटक्यावर चालणारं लॉक असतं, ते वीज गेली तरी बंदच राहतं. तुमचं तीन मिनिटांनी सुटलं, म्हणजे तापणाऱ्या प्रकारातलं दिसतंय.

आता आठ आणि तीन मिनिटांचं. पाणी किती आहे ते प्रोग्रामवर ठरतं, मिनिटांवर नाही. मिक्स आणि कॉटनमध्ये पाणी कमी घेतात. कपडे ते पिऊन टाकतात, आणि काचेच्या खालच्या कडेशी पाहिलं तर मोकळं पाणी जवळजवळ दिसत नाही. डेलिकेट आणि वूलनमध्ये कपडे घासले जाऊ नयेत, पाण्यात तरंगावेत, म्हणून पहिल्या भरण्यातच पातळी बरीच वर नेतात. तिसऱ्या मिनिटाला तुमच्या काचेवर पाणी उभं असणार, बोर्डाने नकार दिला तो त्यामुळे.

रेवा_सातपुडा
खरंच, डेलिकेटला काचेत पाणी दिसतं! कुठवर दिसलं तर धोका समजायचा?

दुरुस्ती_टेबल
दाराभोवतीच्या रबराचा सर्वांत खालचा काठ, तीच उंबरठ्याची रेषा. पाणी त्या काठाच्या खाली असेल तर दार उघडल्यावर फार तर रबराच्या घडीतलं थोडं गळेल. वर असेल तर काठापर्यंतचं सगळं बाहेर येतं. ७ किलोच्या टबमध्ये त्या उंचीला एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण दीड लिटर. तीन सेंटीमीटर वर असेल तर चार लिटरच्या पुढे. कपडे जागा घेतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तुमचा दोनदा पिळलेला पोछा या हिशोबात बसतो.

एक चूक नेहमी होते. ड्रम फिरत असताना काचेकडे पाहून लोक ठरवतात की पाणी कमीच आहे. फिरताना ड्रमच्या आतले उंचवटे पाणी कपड्यांबरोबर वर उचलतात. ड्रम थांबला की ते खाली येतं आणि पातळी चढते. म्हणून पॉज दाबल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबून मग पाहा. बोर्डही थांबलेल्या पाण्यावरच निर्णय घेतो, लगेच टक् होत नाही त्याचं हे एक कारण.

नळजोड
मान्य. माझं मशीन नेहमी कॉटनवर असतं, त्यामुळे पाणी कधी आलंच नाही. बटण बंद करून उघडायची सवय बदलतो.

दुरुस्ती_टेबल
कॉटनवर पाणी नाही आलं तरी तापमान आहे, नळजोड. ६० अंशाच्या प्रोग्रामला हीटर चालू झाल्यावर पाणी कमी असलं तरी बोर्ड दार उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं. बटण बंद करून उघडलंत तर बोर्डाचा हा नकारही गेला. घरात लहान मूल असेल तर वीज गेल्यावर मशीनजवळ कुणीतरी थांबावं.

फेसाळ
माझ्याकडे पाणी काचेच्या खाली असतं तरी उघडल्यावर साबणाचा फेस बाहेर येतो. हे चालतं ना?

दुरुस्ती_टेबल
चालत नाही. पातळी मोजायला टबच्या तळाशी एक छोटी हवेची कुपी असते. पाणी चढलं की तिच्यातली हवा दाबली जाते आणि बारीक नळीतून तो दाब सेन्सरला कळतो. फेसाला वजन जवळजवळ नसतं, त्यामुळे अर्धी काच फेसाने भरली तरी सेन्सर पाणी कमीच सांगणार आणि दार उघडणार. इथे मशीनवर विसंबू नका. काचेवर चार बोटांहून जास्त फेस दिसत असेल तर कपडा राहू द्या. तुम्ही पावडर कुठली वापरता? हातधुण्याची साधी पावडर फ्रंटलोडमध्ये फार फेस करते.

फेसाळ
साधीच. फ्रंटलोडची वेगळी येते हे माहीत होतं, पण इतका फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं.

गच्चीवरचीदोरी
दारातच छोटी खिडकी असलेली मशीन येतात. खिडकी वरच्या बाजूला असते, म्हणून पाणी काठाच्या वर असलं तरी कपडा टाकता येतो. आमच्याकडे तसंच आहे. पण खिडकीतून मोठा टॉवेल कोंबला तर तो तिच्या रबरात अडकतो आणि नंतर तिथूनच गळायला लागतं. मोजे, रुमाल, शर्टापुरतंच ठीक. गरम पाणी असताना तीही उघडत नाही.

रेवा, एक विचारू का? आठव्या मिनिटाला टाकलेला शर्ट स्वच्छ निघाला का?

रेवा_सातपुडा
निघाला. कॉलरला अजून थोडी रेघ आहे.

दुरुस्ती_टेबल
पहिल्या दहा मिनिटांत हलका कपडा टाकला तर धुलाईत फारसा फरक पडत नाही. जड कपड्याची गोष्ट वेगळी. मशीनने सुरुवातीला ड्रम हलवून कपड्यांचा अंदाज घेतलेला असतो आणि पाणी व वेळ त्यावर ठरवलेली असते. नंतर कोरडा टॉवेल टाकलात की तो लिटर-दोन लिटर पाणी पिऊन घेतो. बरीच मशीन पातळी घसरली की पुन्हा थोडं पाणी घेतात, पण साबण वाढत नाही आणि वेळही. शिवाय टॉवेल एका बाजूला बसला तर स्पिनला तोल जातो आणि मशीन वेग न घेता पुन्हा पुन्हा कपडे पसरवत बसतं. जड कपडा पुढच्या खेपेला ठेवावा असं माझं मत.

डेलिकेटमध्ये टाकायचंच असेल तर प्रोग्राम रद्द करून फक्त ड्रेन निवडा, स्पिन शून्यावर. दोन-तीन मिनिटांत पाणी जातं, पंपाचा आवाज कोरडा घुरघुरता होतो, मग लॉक सुटतं. कपडा टाकून प्रोग्राम पहिल्यापासून लावा. साबण निम्मा पुरे, अर्धा कपड्यांतच राहिलेला असतो.

रेवा_सातपुडा
आत्ताच करून पाहिलं. पाणी तीन मिनिटांत गेलं, काच पूर्ण रिकामी. पण कुलपाचं चिन्ह पुढे आणखी सहा मिनिटं राहिलं. हे तुमच्या मिनिट-दोन मिनिटांत बसत नाही.

दुरुस्ती_टेबल
नाही बसत. पाणी थंड होतं ना? थंड असेल तर पहिला संशय त्या बारीक नळीवर किंवा कुपीवर. साबणाचा चिकट थर आणि धागे तिथे बसले की दाबलेली हवा लवकर सुटत नाही, आणि पाणी गेल्यावरही सेन्सर पाणी आहेच असं सांगत राहतो. पण लॉकचा तापणारा तुकडा जुना होऊन हळू निवत असेल तरी असंच दिसेल. दोन्हींतलं कोणतं ते इथून सांगता येणार नाही.

वेगळं करायला एक चाचणी करा. मशीन रिकामं, पाण्याचा नळ बंद. प्रोग्राम सुरू करा, लॉक लागल्याचा टक् आला की लगेच पॉज. पाणी आलेलंच नाही, तेव्हा लॉक दोन मिनिटांत सुटलं पाहिजे. इथेही सहा लागली तर लॉक, दोन लागली तर नळी किंवा कुपी.

नळजोड
नळी तोंडाने फुंकून साफ होते ना?

दुरुस्ती_टेबल
सेन्सरच्या बाजूने फुंकू नका, पडदा फाटतो. नळी आधी सेन्सरपासून सोडवावी लागते आणि त्यासाठी वरचं झाकण काढावं लागतं. वॉरंटी असेल तर मेकॅनिकलाच बोलवा, आणि त्याला नळीबरोबर कुपीही साफ करायला सांगा. नुसती नळी साफ केली तर महिन्याभरात परत तेच होतं.

रेवा_सातपुडा
नळ बंद करून दोनदा केलं. एकदा दीड मिनिट, एकदा जवळजवळ तीन. वॉरंटीचे चार महिने उरलेत. मेकॅनिक शनिवारी येतोय, कुपीचं त्याला सांगते आणि काय निघालं ते इथे लिहिते. तोवर डेलिकेटला दार उघडायचं नाही, वीज गेली तरी काचेतलं पाणी आधी पाहायचं.