झोपेत दचकणारं तान्हं बाळ, उचक्या, शिंका : तुमचे अनुभव सांगा

मनीषनगरची आई : लेक अठरा दिवसांची आहे. उचक्या-शिंकांची सवय झाली, पण डोळा लागला की हात झटकते, कधी पायही. जागेपणी काहीच नाही. दवाखान्यात नेलं तर टकामका बघत बसते, डॉक्टरांना दिसणार काय! कुणाच्या बाळाचं असं होतं का?

तर्रीपोहे : आमच्या पोराचं होतं. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात फाकवायचा, मग छातीशी ओढून रडायचा. चारेक महिन्यांत गेलं. शंका आली तर हात हलकेच धरायचा. थांबलं तर फिट नाही, नाही थांबलं तर फिट. सोपं आहे.

संत्राबर्फी : उचकी लागली की आमच्या सासूबाई कपाळावर ओला दोरा चिकटवतात, म्हणे आतडी वाढताहेत. दोरा ठीक आहे बाप्पा, मध चाटवायला मात्र मी साफ नाही म्हटलं. थोड्या वेळाने उचकी आपली आपणच थांबते.

रात्रपाळीवाली : नवजात कक्षात नर्स आहे. तर्रीपोहे, हात धरून बघायचं ते जागेपणीच्या थरथरीसाठी. झोपेतल्या झटक्यांना ते लागू नाही. माझ्या भाचीच्या बाळाचे हात घरच्यांनी धरले तर झटके वाढले, सगळे घाबरले. मी त्याला उचलून पूर्ण जागं केलं, झटके तिथेच थांबले. झोपेतले झटके जाग आली की थांबतात, हीच खूण. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर सहसा काही महिन्यांत जातात.

जागेपणी एकच हात किंवा पाय लयीत उडतोय, धरला तरी थांबत नाही, नजर एकीकडे खिळली, ओठ निळे पडले, तर लगेच न्या. आईला शुगर असेल किंवा बाळ नीट पीत नसेल, तर नुसत्या थरथरीसाठीही त्याच दिवशी दाखवा. बाळाची साखर उतरलेली असू शकते. आणि संत्राबर्फी, दोरा तोंडात जाणार नाही एवढं बघा.

सीताबर्डीकर : आमचं बाळ कूलर लावला की शिंकतं. हीपण फिटच का?

रात्रपाळीवाली : नाही हो, नाक साफ करतंय ते. झोत अंगावर घेऊ नका. ताप असेल, पिताना धाप लागत असेल, तर दाखवा.

मनीषनगरची आई : आज मोबाइलवर व्हिडिओ काढला, मग उठवलं. लगेच थांबलं. उद्या डॉक्टरांना दाखवते. पण पाळणा हलवला की जास्त होतं, असं का?

रात्रपाळीवाली : डुलवल्याने असे झटके वाढतात खरे. दोन दिवस पाळणा न हलवता झोपवून बघा.

मनीषनगरची आई : हे आमच्या आईला कोण सांगणार? पाळण्याची दोरी तिच्याच हातात असते.