स्टार्टअपची मान्यता मिळाली, तरी आयकर भरावाच लागेल का? लवकर सांगा

मकरपुरावाला | २१ ऑगस्ट २०२५
आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, स्टार्टअप इंडियाचं सर्टिफिकेट आलंय. यंदा पहिल्यांदा नफा झाला, ४० लाख. तीन वर्षं कर माफ असतो ना? सीए म्हणतात, १०-आयसी फॉर्म भरून २२ टक्के दराने कर भरण्याचा पर्याय घ्या. रिटर्न जवळ आलंय, काय करू?

अलकापुरी_अकाउंट्स
कंपनी कधी स्थापन झाली? सर्टिफिकेट कुणाचं, केंद्राच्या उद्योग विभागाचं म्हणजे डीपीआयआयटीचं, की आंतरमंत्रालयीन मंडळाचं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीपीआयआयटीची मान्यता म्हणजे नुसता दरवाजा. तुम्ही म्हणता ती तीन वर्षांची सूट, म्हणजे कलम ८०-आयएसीची वजावट, मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही.

मकरपुरावाला
जून २०२२. डीपीआयआयटीचंच असावं. मंडळाचं काही माहीत नाही.

सयाजीगंज७
अभिनंदन! एंजल टॅक्स गेलाय, आता गुंतवणूकदार बिनधास्त घ्या.

मकरपुरावाला
गुंतवणूकदार नाहीतच हो. कराचं सांगा.

अलकापुरी_अकाउंट्स
मग १०-आयसीला सध्या हात लावू नका. २२ टक्क्यांचा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, आणि त्यात ८०-आयएसी बसत नाही. पुढची सगळी वर्षं हातची जातील.

हिशोब पाहा. सरचार्ज आणि सेस धरून त्या पर्यायात ४० लाखांवर १०,०६,७२० कर येतो. तो न घेता, उलाढाल ४०० कोटींच्या आत असल्याने, २५ टक्के आणि सेस मिळून १०,४०,००० होतात. म्हणजे फरक ३३,२८० रुपयांचा. एवढ्यासाठी तीन वर्षांची सूट सोडू नये.

मंडळाकडे अर्ज स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवरूनच करायचा. अर्ज पूर्ण असला तर १२० दिवसांत निकाल देण्याचं धोरण आहे. आज टाकलात तरी रिटर्नच्या मुदतीच्या, ३१ ऑक्टोबरच्या आत प्रमाणपत्र हातात पडेल असं धरू नका. यंदा कर भरा. स्थापनेपासूनच्या दहा वर्षांतली सलग तीन तुम्हीच निवडायची आहेत, त्यामुळे घाई नाही.

नर्मदा_एलएलपी
'कर माफ' म्हणू नका. आमच्या एलएलपीत सूट असूनही १८.५ टक्के एएमटी, म्हणजे किमान कर, बसला.

अलकापुरी_अकाउंट्स
बरोबर, पण यांची कंपनी आहे, यांना मॅट, म्हणजे कंपनीच्या पुस्तकी नफ्यावरचा किमान कर. २०२५च्या नियमांनी १५ टक्के आणि सेस. पुस्तकी नफाही ४० लाखच धरला तर ६,२४,००० भरावे लागतील. त्याच नियमांनी ते बुडत नाहीत, पुढच्या १५ वर्षांत वळते करता येतात. सूट संपल्यावर तेवढ्याच नफ्यावर नेहमीचा कर १०.४० लाख आणि मॅट ६.२४ लाख असेल, तर वर्षाला ४.१६ लाख वळते होतील. मात्र तेव्हा २२ टक्क्यांत गेलात तर उरलेलं क्रेडिट सोडावं लागतं.

रावपुरा_गणेश
शंभर कोटींखाली उलाढाल आणि डीपीआयआयटी एवढं असलं की झालं, उगाच घाबरवताय. नंतर कधीही रिटर्न भरा, रिफंड मिळतो.

अलकापुरी_अकाउंट्स
उलाढालीची अट बरोबर आहे, बाकीचं नाही. मूळ रिटर्न मुदतीत गेलं नाही तर वजावटच उडते. शिवाय १०सीसीबी ऑडिट रिपोर्ट त्या मुदतीच्या महिनाभर आधी लागतो. ज्या वर्षी सूट घ्याल त्या वर्षी या दोन तारखा लिहूनच ठेवा.

मकरपुरावाला, कंपनीच्या आधी धंदा चालू होता का? मशीनं नवी आहेत का?

मकरपुरावाला
बाबांची प्रोप्रायटरी फर्म आहे, पंपाचे सुटे भाग बनवते. आम्ही सेन्सर बसवलेले व्हॉल्व्ह बनवतो. त्यांची दोन लेथ घेतली, १२ लाखांची. एकूण मशिनरी ५० लाखांची. हेही सांगायचं होतं का?

अलकापुरी_अकाउंट्स
हेच आधी सांगायचं! वापरलेली मशिनरी एकूण किमतीच्या २० टक्क्यांच्या आत हवी. तुमची २४ टक्के होते. दुसरं, जुना धंदा मोडून किंवा नव्याने रचून कंपनी काढलेली नसावी. फर्म आपले ग्राहक घेऊन वेगळी चालत असेल तर बाजू मांडता येईल.

रावपुरा_गणेश
१५ लाखांचं नवं मशीन घ्या. १२ भागिले ६५, साडेअठरा टक्के. प्रश्न मिटला.

अलकापुरी_अकाउंट्स
मिटत नाही. अट कंपनी उभी राहतानाची आहे असं अधिकारी म्हणू शकतो, नंतरच्या खरेदीने ती भरून निघते का यावर वाद होईल. लेथची बिलं, त्या कोणत्या तारखेला आल्या, फर्मची विक्री आजही चालू आहे का, हे कागद आधी एकत्र करा.

नर्मदा_एलएलपी
कंपनी असल्याचा एक फायदा घ्या. मान्यताप्राप्त स्टार्टअपला दर सहामाहीत एकच बोर्ड मीटिंग पुरते, दोन्हींत किमान ९० दिवस हवेत. कॅश फ्लो स्टेटमेंटही लागत नाही.

अलकापुरी_अकाउंट्स
ताळेबंद आणि वार्षिक विवरण रजिस्ट्रारकडे वेळेवर दाखल असतील तरच.

मकरपुरावाला
१०-आयसी थांबवायला सांगतो. लेथ बाबांकडून विकत घेतल्यात की नुसत्या वापरायला आणल्यात, त्याचा कागदच नाही. भाड्याने घेतल्या असं दाखवलं तर चालेल?

अलकापुरी_अकाउंट्स
मागच्या तारखेचा करार अजिबात करू नका. कंपनीच्या ताळेबंदात त्या मालमत्ता म्हणून दाखवल्यात का, ते आधी बघून सांगा.